वारंवार गर्भपात आणि कॅरिओटाइपचा रिपोर्ट : वाचताना या चुका टाळा

दोन-तीन गर्भपात झाले की डॉक्टर नवरा-बायको दोघांनाही कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करायला सांगतात. दोन-तीन आठवड्यांनी रिपोर्ट हातात पडतो आणि घरी त्याचे दोनच अर्थ निघतात. ‘नॉर्मल’ आला तर गुणसूत्रांचा प्रश्न मिटला, ‘ट्रान्सलोकेशन’, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, आलं तर मूल होण्याची आशा संपली. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ही तपासणी आईवडिलांच्या रक्तातल्या पेशींची असते. जो गर्भ टिकला नाही, त्याच्याबद्दल ती थेट काहीच सांगत नाही.

फक्त बायकोचं रक्त पाठवणं

ही चूक अजूनही सर्रास होते आणि तिचा त्रास बाईलाच होतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण दोन ते पाच जोडप्यांत एका जोडीदाराच्या गुणसूत्रांत संतुलित बदल सापडतो. तो नवऱ्यातही असू शकतो. तब्येत ठणठणीत आहे, वीर्यतपासणी चांगली आहे, दिवसही राहतात, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही.

कधी कधी ‘याहून आधुनिक’ म्हणून आईवडिलांच्या रक्ताची मायक्रोअरे करून घेतली जाते. मायक्रोअरे गुणसूत्रांचा मजकूर कमी-जास्त आहे का ते बघते. संतुलित ट्रान्सलोकेशनमध्ये मजकूर पुरेपूर असतो, फक्त जागा बदललेली असते. म्हणून मायक्रोअरेत ते दिसतच नाही. इथे जुना कॅरिओटाइपच लागतो. त्यासाठी पेशी जिवंत राहून प्रयोगशाळेत वाढाव्या लागतात, म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या ट्यूबमध्ये घेतात.

‘ट्रान्सलोकेशन’ हा एकच शब्द वाचून थांबणं

एक उदाहरण घेऊ. बायको 31 वर्षांची, तीन गर्भपात, तिन्ही सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान. तिचा रिपोर्ट `46,XX`. नवऱ्याचा रिपोर्ट असा:

`46,XY,t(11;22)(q23;q11.2)`

डावीकडून वाचू. गुणसूत्रं 46, म्हणजे संख्या बरोबर. `t` म्हणजे ट्रान्सलोकेशन, तुकड्यांची अदलाबदल. पहिल्या कंसात कोणत्या दोन गुणसूत्रांत ती झाली ते आहे, 11 आणि 22. दुसऱ्या कंसात ती कुठे तुटली ते आहे. `q` म्हणजे लांब बाहू, पुढचा आकडा त्यावरच्या पट्ट्याचा. म्हणजे 11 चं टोक 22 वर गेलं, 22 चं टोक 11 वर आलं, वाया काही गेलं नाही. म्हणूनच नवरा निरोगी आहे.

अडचण शुक्रजंतू तयार होताना येते. याच्याकडे एक साधं 11, एक साधं 22, एक बदललेलं 11 आणि एक बदललेलं 22 आहे. शुक्रजंतूत दोन्ही साधी गेली तर गर्भाची गुणसूत्रं नेहमीसारखी. दोन्ही बदललेली गेली तर बाळ वडिलांसारखंच, वाहक पण निरोगी. एक साधं आणि एक बदललेलं गेलं, तर एका तुकड्याची प्रत जास्त आणि दुसऱ्याची कमी होते, आणि असा गर्भ बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच थांबतो.

याच्यावरून लोक लगेच ‘चारात दोन, म्हणजे निम्मी शक्यता’ असा हिशेब मांडतात. तो करू नका. सगळ्या जोड्या सारख्या प्रमाणात बनत नाहीत. कोणती गुणसूत्रं, कुठे तुटली, तुकडे किती लांब, बदल आईत आहे की वडिलांत, यावर प्रमाण बदलतं. 11 आणि 22 च्या या ट्रान्सलोकेशनमध्ये तर आणखी एक प्रकार घडतो: बदललेलं छोटं 22 जादा म्हणून गर्भात येतं आणि संख्या 47 होते. असं बाळ जन्माला येऊ शकतं. त्याला एमॅन्युएल सिंड्रोम म्हणतात, त्यात वाढ बरीच मंदावलेली असते आणि हृदयाचे, टाळूचे दोष असू शकतात. म्हणून दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवरून आपला धोका ठरवू नये. जेनेटिक कौन्सेलरला नेमका हा रिपोर्ट दाखवावा. नवऱ्याच्या भावंडांनाही सांगावं, कारण हा बदल बहुतेकदा घराण्यातून आलेला असतो.

रिपोर्ट आला की थेट आयव्हीएफ

या जोडप्याला पहिला सल्ला बहुधा मिळतो तो आयव्हीएफ करून गर्भ तपासून घेण्याचा. त्याने पुन्हा गर्भपात होण्याची शक्यता कमी होऊ शकते हे खरं. पण ‘याशिवाय मूल होणारच नाही’ हे खरं नाही. नेदरलँड्समध्ये अशा जोडप्यांचा सरासरी जवळपास सहा वर्षं मागोवा घेतला गेला आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. वाहक जोडप्यांपैकी 83 टक्क्यांना किमान एक निरोगी मूल झालं, वाहक नसलेल्यांत हेच प्रमाण 84 टक्के होतं. मधल्या काळात वाहकांचे गर्भपात मात्र जास्त झाले. तो त्रास पुन्हा सोसायची तयारी आहे का, वय किती, आयव्हीएफचा खर्च झेपेल का, हे त्या दोघांनी ठरवायचं आहे. ते त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवणं मला योग्य वाटत नाही.

आपसूक दिवस राहिले तर सोळा आठवड्यांनंतर गर्भजल तपासणीचा पर्याय असतो. नमुना पाठवताना वडिलांचा रिपोर्ट सोबत जोडायला विसरू नका, म्हणजे कुठे बघायचं ते प्रयोगशाळेला कळतं. आईच्या रक्तावरून गर्भाची गुणसूत्रं बघणाऱ्या एनआयपीटी तपासणीवर अशा तुकड्यांसाठी विसंबता येत नाही.

नावालाच भिणं

`inv(9)(p12q13)` किंवा `9qh+` असं दिसलं की लोक हादरतात. हे निरोगी माणसांत आढळणारे फरक आहेत, गर्भपाताचं कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवू नये. `45,XX,der(13;14)(q10;q10)` मध्ये संख्या 45 आहे ती दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटल्यामुळे. हरवलेलं महत्त्वाचं असं काही नाही, पण हे ट्रान्सलोकेशनच आहे आणि त्यासाठी समुपदेशन हवं. खरी गंभीर नोंद `der(21;21)` सारखी, जिथे एकाच क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रं जोडलेली असतात. तिथे आपल्या गुणसूत्रांवर निरोगी मूल होण्याची वाट जवळपास बंद असते आणि ते स्पष्ट सांगायलाच हवं.

‘नॉर्मल’ वाचून फाइल मिटवणं

दोघांचा रिपोर्ट नॉर्मल, तरी गर्भपात गुणसूत्रांमुळेच झालेला असू शकतो. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो, आणि तो बहुतेक वेळा त्या एका बीजातच नव्याने झालेला असतो. आईच्या वयाबरोबर याचं प्रमाण वाढतं. आईवडिलांच्या रक्तात त्याचा मागमूस नसतो.

म्हणून दुर्दैवाने पुन्हा क्युरेटिंगची वेळ आली, तर ऊतकाचा नमुना तपासणीला पाठवायचं आधीच बोलून ठेवा. नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर पेशी मरतात आणि कल्चर होत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला, तर आईच्या पेशी मिसळल्या नव्हत्या ना, हे प्रयोगशाळेला विचारा. नाहीतर गर्भाच्या नावाखाली आईचाच रिपोर्ट वाचला जातो.

त्यात 16 नंबरच्या गुणसूत्राची जादा प्रत निघाली, तर त्या गर्भपाताचं कारण मिळालं. ऊतक खरोखर नॉर्मल निघालं, तर शोध दुसरीकडे वळवायचा: अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा, गर्भाशयाचा आकार, थायरॉइड. आईवडिलांचा कॅरिओटाइप मात्र आयुष्यभर तसाच राहतो. डॉक्टर बदलले म्हणून तो पुन्हा करायला सांगितला, तर आधी कारण विचारा.