केमोच्या तारखांप्रमाणे तुटक रजेचा अर्ज

पत्नीची किंवा पतीची केमो दूरच्या शहरात असेल तर 'चार महिने रजा हवी' असा अर्ज करू नका. साहेब कचरतात, आणि तुमची शिल्लक रजाही उगाच संपते. फेऱ्यांप्रमाणे मागा.

समजा, लातूरच्या कार्यालयातल्या लिपिकाच्या पत्नीला परळच्या रुग्णालयात दर 21 दिवसांनी, अशा सहा केमो द्यायच्या आहेत. पहिली मंगळवार, 6 जानेवारीला, म्हणजे पुढच्या 27 जानेवारी, 17 फेब्रुवारी, 10 मार्च, 31 मार्च आणि 21 एप्रिलला. रविवारी रात्री निघायचं, सोमवारी रक्ततपासणी, मंगळवारी केमो, बुधवारी विश्रांती, गुरुवारी परत. प्रत्येक वेळी चार दिवस, एकूण 24. अर्जात हा छोटा तक्ता द्या, सोबत डॉक्टरांनी वेळापत्रक लिहिलेला कागद जोडा.

खरी गोम पुढे आहे. पांढऱ्या पेशी कमी निघाल्या की केमो आठवडाभर पुढे जाते आणि तक्त्यातल्या साऱ्या तारखा सरकतात. म्हणून हे वाक्य घालाच: 'रक्ततपासणीच्या अहवालानुसार तारीख बदलल्यास त्याच दिवशी कळवीन, मंजूर रजा बदललेल्या तारखांना धरावी, ही विनंती.' नाहीतर प्रत्येक वेळी नवा अर्ज.

सरकारी नोकरीत मुख्यालय सोडण्याची परवानगीही याच अर्जात मागावी. ती मागायची हमखास राहून जाते. आणि तुमच्या टेबलाचं काम त्या चार दिवसांत कोण बघेल, ते त्या सहकाऱ्याला आधी विचारूनच लिहा.