पुढच्या ग्राफिक्स कार्डचा हिशेब धरून पॉवर सप्लाय किती वॅटचा घ्यावा

गेमिंगसाठी संगणक जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर महिनाभर विचार होतो आणि पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानदाराच्या भाषेतला एसएमपीएस, मात्र बिल होताना ‘साडेसहाशेचा टाका’ म्हणून उरकला जातो. दोन वर्षांनी मोठे कार्ड घेण्याचा बेत असेल तर हा आकडा अंदाजाने ठरवू नये, कारण त्याचा हिशेब कागदाच्या एका पानावर मावतो. येथे गोव्यात डिचोलीतील एका विद्यार्थ्याची जुळणी उदाहरण म्हणून घेऊ. आज त्याला रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० कार्ड घ्यायचे आहे, आणि नोकरी लागल्यावर कार्ड बदलून आरटीएक्स ५०७० टीआय बसवायचे आहे.

प्रथम प्रोसेसरचा आकडा काढावा. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला टीडीपी येथे कामाचा नाही, कारण तो मुख्यतः कूलर निवडण्यासाठी असतो आणि पूर्ण भाराखाली प्रोसेसर त्यापेक्षा जास्त वीज ओढतो. एएमडीच्या बाबतीत पीपीटी ही वीज ओढण्याची मर्यादा पाहावी आणि इंटेलच्या बाबतीत कमाल टर्बो पॉवर पाहावी. रायझन ५ ७६०० चा टीडीपी ६५ वॅट असला तरी त्याची पीपीटी ८८ वॅट आहे. इंटेल कोअर आय५ १३४००एफ ची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तेथे मूळ आकडा ६५ वॅट आणि कमाल आकडा १४८ वॅट आहे.

त्यानंतर ग्राफिक्स कार्डाचा आकडा घ्यावा, आणि तो आजच्या कार्डाचा नव्हे, तर पुढे येणाऱ्या कार्डाचा असावा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट पुरतात, तर ५०७० टीआय साठी ३०० वॅट धरावे लागतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांच्यासाठी वेगवेगळी बेरीज करत बसण्यात अर्थ नाही. साध्या जुळणीत या सर्वांचे मिळून ६० वॅट धरले तर सहसा पुरते. आता बेरीज अशी होते: आज ८८, ११५ आणि ६० मिळून २६३ वॅट, आणि कार्ड बदलल्यावर ८८, ३०० आणि ६० मिळून ४४८ वॅट.

या ४४८ ला ०.७ ने भागावे, म्हणजे सततचा भार पॉवर सप्लायच्या क्षमतेच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर राहील. उत्तर ६४० येते, म्हणून कागदावर ६५० वॅटचा सप्लाय पुरतो. तरी मी या मुलाला ७५० वॅट सुचवीन, आणि त्याचे कारण त्याच्या मदरबोर्डात आहे. एएम५ सॉकेटवर पुढे रायझन ७ ७८००एक्स३डी सारखा प्रोसेसर बसवता येतो आणि त्याची पीपीटी १६२ वॅट आहे. तसे झाले तर एकूण भार ५२२ वॅट होतो आणि ०.७ ने भागल्यावर जवळजवळ ७५० च येतात. एनव्हिडिया या कार्डासाठी ७५० वॅटचाच सप्लाय सुचवते. त्या शिफारशीत मोठा प्रोसेसर गृहीत धरलेला असल्यामुळे ती नेहमी जरा सढळ असते. एक हजार वॅटचा घेतल्याने काही बिघडत नाही, मात्र त्याच पैशांत अधिक चांगल्या दर्जाचा ७५० वॅटचा सप्लाय मिळत असेल तर तो घ्यावा.

तीस टक्के जागा मोकळी ठेवण्यामागे केवळ सावधगिरी नाही. ग्राफिक्स कार्डाचा ३०० वॅट हा आकडा सरासरी आहे. प्रत्यक्षात सेकंदाच्या अगदी लहान अंशासाठी त्याची मागणी जवळजवळ दुप्पट होऊ शकते, आणि अशा उसळीला अतिभार समजून सप्लायमधील संरक्षण यंत्रणा संगणक बंद करते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने यावर उपाय केला: ग्राफिक्स कार्डासाठी नवी १६ पिनांची जोडणी असलेल्या, ४५० वॅटपेक्षा मोठ्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतचा भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, असे त्यात ठरवले आहे. म्हणून खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेले असावे. जुन्या मानकाचा सप्लाय घ्यायचा असेल तर एक पायरी वरचा घेणे शहाणपणाचे ठरते.

खरेदीपूर्वी सप्लायच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे +12V या रकान्याखालचे अँपिअर पाहून त्यांना १२ ने गुणावे. ६२ अँपिअर असतील तर ७४४ वॅट मिळतात आणि सप्लाय खरोखर ७५० चा आहे असे समजावे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यांवर मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि त्याच तक्त्यात १२ व्होल्टखाली ४० अँपिअर, म्हणजे ४८० वॅटच असतात. कार्यक्षमतेच्या गोल्ड किंवा ब्राँझ शिक्क्याचा या हिशेबाशी संबंध नाही. ७५० वॅटचा ब्राँझ सप्लायही आत ७५० वॅटच देतो, फक्त भिंतीतून थोडी जास्त वीज घेतो.

नवे कार्ड बसल्यावर सप्लाय कमी पडतो आहे की नाही हे बंद पडण्याच्या तऱ्हेवरून कळते. खेळाच्या ऐन धामधुमीत निळा पडदा न येता संगणक एकदम विझतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये Kernel-Power 41 ही नोंद दिसते. ही नोंद केवळ अचानक बंद पडल्याची खूण आहे, कारण नव्हे. म्हणून कार्डाची पॉवर मर्यादा सॉफ्टवेअरमधून शक्य तितकी उतरवून तोच खेळ पुन्हा चालवावा. मग विझणे थांबले तर संशय सप्लायवर किंवा त्याच्या केबलींवर धरावा. कार्ड किती वीज ओढते ते या आदेशाने दर सेकंदाला दिसते, मात्र क्षणिक उसळ्या त्यात पकडल्या जात नाहीत:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw --format=csv -l 1
```

गोव्यात या हिशेबाला एक शेपूट जोडावेच लागते, ते यूपीएसचे. पावसाळ्यात माडाचे झावळ तारेवर पडले की लाईट जाते, म्हणून बहुतेक घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो, आणि तो सहसा ३६० वॅटच देतो. सप्लाय ७५० वॅटचा आहे म्हणून यूपीएसवर ७५० चा भार पडत नाही. आत जेवढी मागणी असेल तेवढीच, अधिक सप्लायमधील तूट, एवढेच भिंतीतून जाते. आजच्या २६३ वॅटसाठी नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे २९० वॅट लागतात आणि ३० वॅटचा मॉनिटर धरून ३२० होतात, म्हणजे जुना यूपीएस कसाबसा तग धरतो. कार्ड बदलल्यावर हाच आकडा ५३० च्या आसपास जातो आणि लाईट जाताच यूपीएस अतिभाराने बंद पडतो. तेव्हा किमान ६०० वॅट देणारा यूपीएस हवा, आणि प्रोसेसरही बदलायचा असेल तर त्याहून मोठा.

वॅट पुरेसे असूनही काही स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर आधुनिक सप्लायला मानवत नाही. विकत घेतल्यावर सर्व फायली जतन कराव्यात, खेळ चालू ठेवून यूपीएसचे बोर्डावरील बटण बंद करावे आणि संगणक चालू राहतो का ते पाहावे. विझला तर बिल जपून ठेवले असताना, बदलून घेण्याची मुदत संपण्यापूर्वीच, शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस मागावा.