जिराच्या सीट कमी करताना अधूनमधून येणाऱ्या रिव्ह्यूअरचा प्रवेश तुटतो, या चुका टाळा

जिरा क्लाउडचं बिल वाढलं की अ‍ॅडमिन युजर लिस्ट एक्सपोर्ट करतो, ९० दिवसांत न दिसलेली खाती गाळतो आणि सरसकट काढून टाकतो. पहिली चूक इथेच होते.

समजा, लीगलमधल्या एक बाई वर्षातून दोनदाच, मोठ्या रिलीजच्या आधी, तिकिटावर मंजुरी देतात. ९० दिवसांच्या चाळणीत त्या नक्की अडकणार. पुढच्या रिलीजला तिकीट त्यांच्या नावावर टाकायला गेलं की नावच सापडत नाही, आणि हे कळतं ते रिलीजच्या आदल्या दिवशी. म्हणून मुदत ठरवताना तुमच्याकडच्या सर्वांत लांब रिव्ह्यूचं चक्र बघा. ऑडिट मार्चअखेरीस एकदाच होत असेल, तर वर्षाहून जास्त मागे जायला हवं.

शेवटची भेट एवढाच पुरावाही पुरेसा नाही. कोणी आत येऊन नुसतं चाळून गेलं असेल, तर कोणी तिकिटावर खरंच काम केलं असेल. शंका असलेल्या प्रत्येक खात्यासाठी ही क्वेरी चालवा:

```
issuekey IN updatedBy("युजरचं नाव", "-400d")
```

यात त्या व्यक्तीने बदललेली किंवा कमेंट केलेली तिकिटं येतात. यादीत दर सहा महिन्यांनी काही तिकिटं दिसली, तर तो रिव्ह्यूअर आहे. काहीच आलं नाही, तर त्याच्या मॅनेजरला विचारा आणि मग काढा. नुसतं वाचणाऱ्याचा माग या क्वेरीत लागत नाही, म्हणून हा प्रश्न टाळू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते: सीट सोडवायची म्हणून युजरच संस्थेतून काढणं. सस्पेंड केलं तरी सीटचे पैसे लागत नाहीत आणि ग्रुप तसेच राहतात, त्यामुळे गरज पडली की परत सुरू करता येतं. पण सस्पेंड सगळ्या प्रॉडक्ट्सना लागू होतं. तोच माणूस कॉन्फ्लुअन्स रोज वापरत असेल, तर त्याचं तेही बंद पडेल. अशा वेळी फक्त जिराचा प्रवेश देणाऱ्या ग्रुपमधून काढा. त्याआधी त्या ग्रुपवर एखाद्या प्रोजेक्टची परवानगी टांगलेली नाही ना, एवढं तपासा.

ग्रुप आयडेंटिटी प्रोव्हायडरकडून सिंक होत असतील, तर बदल तिकडेच करावा लागतो. आणि ज्या ईमेल डोमेनला आपोआप प्रवेश खुला आहे, तिथला काढलेला माणूस पुन्हा लॉगिन करून सीट घेऊ शकतो. सीट काही आठवड्यांत जैसे थे झाल्या, तर आधी ही सेटिंग बघा.

मंजुरी फक्त होय-नाही एवढीच असेल, तर ते काम जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये हलवता येतं. तिथे अप्रूव्हरला सीट लागत नाही, तो कस्टमर म्हणून पोर्टलवरून मंजुरी देतो. कोडचा किंवा मजकुराचा बारीक रिव्ह्यू करणाऱ्याला मात्र हे पुरणार नाही. त्याची सीट राहू द्या.