जुलैत खोली नाकारता, जानेवारीत स्वस्तात देता: छोट्या हॉटेलच्या खर्चाच्या हिशोबातल्या या चुका टाळा

गोव्यातल्या दहा-पंधरा खोल्यांच्या हॉटेलांचे हिशोब बघताना एक गोष्ट सारखी दिसते. मालकाला महिन्याचा एकूण खर्च तोंडपाठ असतो, पण "एक खोली एका रात्रीसाठी भरली, तर तुमच्या खिशातून जास्तीचे किती जातात?" असं विचारलं की तो एकूण खर्चाला भरलेल्या रात्रींनी भागून आकडा सांगतो. तो आकडा भागाकार म्हणून बरोबर असतो. त्याच्यावर दर ठरवणं मात्र धोक्याचं, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात.

सगळा खर्च एकाच ढिगात टाकून भागणे

कांदोळीच्या बाजूला एक 12 खोल्यांचं, भाड्याने चालवायला घेतलेलं हॉटेल आहे. मालक मेहनती, वह्या व्यवस्थित. आकडे सोपे करून देतो. जागेचं भाडं जीएसटी धरून 1,18,000, कायम कामगारांचे पगार 1,32,000, खोल्या रिकाम्या असल्या तरी येणारं विजेचं बिल 22,000, आणि इंटरनेट, विमा, परवाने, देखभाल मिळून 28,000. म्हणजे एकही पाहुणा आला नाही तरी महिन्याला 3 लाख जाणार. हा झाला स्थिर खर्च.

खोली भरली की वाढणारा खर्च वेगळा. लॉन्ड्री 110, साबण-शाम्पू आणि पाण्याच्या बाटल्या 58, खोलीची वीज 112, दोघांचा नाश्ता 180, सफाईचं सामान 20. एका रात्रीला 480 रुपये.

जुलैत त्याच्या 372 पैकी 93 रात्री भरल्या. 3 लाख भागिले 93 म्हणजे 3,226, त्यात 480 मिळवले की 3,706. पावसाळ्यात त्या भागात हा दर कुणी देत नाही. कोल्हापूरच्या एका ग्रुपने पाच खोल्या चार रात्रींसाठी, टॅक्स सोडून 1,500 ने मागितल्या. फोन थेट हॉटेलवर आला होता, मध्ये पोर्टल नाही. मी समोर बसलो होतो. त्याने शांतपणे "परवडत नाही" सांगितलं आणि फोन ठेवला. मला म्हणाला, "खोलीमागे बावीसशेचा तोटा कशाला घेऊ?"

तोटा कुठे होता? 20 रात्रींचे 30,000 येणार होते. त्यांच्यासाठी वाढणारा खर्च 9,600. हातात 20,400 उरले असते. भाडं, पगार, विमा यांतला एक रुपयाही ग्रुप न आल्याने वाचला नाही. उलट 93 च्या जागी 113 रात्री झाल्या असत्या, तर प्रत्येक रात्रीच्या वाट्याचा स्थिर खर्च 2,655 वर उतरला असता. ज्या आकड्याला घाबरून त्याने गिऱ्हाईक परत पाठवलं, तो आकडा गिऱ्हाईक आल्यानेच खाली येणार होता. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण तो माणूस पैशाबाबत निष्काळजी नव्हता. त्याच्या हातात चुकीचा आकडा होता.

आता हीच चूक उलट्या बाजूने. जानेवारीत सीझनसाठी त्याने दोन पोरं महिन्याच्या पगारावर घेतली, 36,000 वाढले, स्थिर खर्च 3,36,000 झाला. भरलेल्या रात्री 310. भागाकार 1,084, अधिक 480, म्हणजे 1,564. एका एजंटने चार खोल्या दोन आठवड्यांसाठी 1,900 ने मागितल्या. "तीनशेच्या वर सुटतात," म्हणून त्याने दिल्या. त्याच खोल्या पोर्टलवर 3,400 ला जात होत्या.

56 रात्रींचे एजंटकडून, 480 वजा करून, 79,520 उरले. त्या खोल्या पोर्टलवर ठेवल्या असत्या आणि फक्त 45 रात्री भरल्या असत्या, तरी 18 टक्के कमिशन, त्यावरचा 18 टक्के जीएसटी आणि 480 वजा जाता रात्रीला सुमारे 2,198 उरतात. बेरीज जवळपास 98,900. म्हणजे अकरा रात्री रिकाम्या धरूनही 19 हजारांवर पाणी सोडलं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन आकडे वेगळ्या रकान्यांत लिहायला लावतो. पहिला, रात्रीमागे वाढणारा खर्च: रिकाम्या महिन्यात याच्या खाली जायचं नाही. दुसरा, स्थिर खर्च धरून पडणारा पूर्ण खर्च: तो वर्षाच्या शेवटी बघायचा, फोनवर दर सांगताना नाही. भरलेल्या महिन्यात दोन्ही बाजूला ठेवायचे आणि ती खोली दुसरा कुणी कितीला घेईल तेवढंच बघायचं.

विजेचं बिल अख्खं एका बाजूला ढकलणे

काही जण पूर्ण बिल स्थिर धरतात, काही पूर्ण बिल खोल्यांवर वाटतात. दोन्ही चूक. बिलात मंजूर भारावरचा स्थिर आकार असतो, तो वापर शून्य असला तरी येतो. शिवाय पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, रिसेप्शन, स्वयंपाकघरातला फ्रीझर हे पाहुणे नसतानाही चालू असतात. बाकीचा भाग खोल्यांचा, त्यातला मोठा हिस्सा एसीचा.

हे वेगळं करायचा झटपट उपाय म्हणून लोक जानेवारी आणि मे यांची बिलं समोरासमोर ठेवतात. तो रस्ता धरू नका. जानेवारीच्या रात्री एसी कमी चालतो, मे महिन्यात पाहुणा खोलीत शिरल्यापासून बंदच करत नाही. मग वापरातला फरक खोल्या भरल्यामुळे पडला की उकाड्यामुळे, ते कळत नाही.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण ती फसवत नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मीटर वाचायचा आणि शेजारी रात्री भरलेल्या खोल्यांची संख्या लिहायची. आपल्याकडे शनिवार-रविवार आणि आठवड्याचे मधले दिवस यांत एवढा फरक असतो की एकाच पंधरवड्यात, एकाच हवेत, दोन्ही टोकं मिळतात. त्या हॉटेलात शनिवारी 11 खोल्या भरल्या तेव्हा 224 युनिट जळले, मंगळवारी 3 खोल्यांना 112. आठ खोल्यांचा फरक 112 युनिट, म्हणजे खोलीमागे 14. तीन खोल्यांचे 42 वजा केले की रोजचे 70 युनिट रिकाम्या हॉटेलचे. युनिटला सगळं धरून 8 रुपये लावले तर खोलीमागे 112 रुपये आले, आणि महिन्याचे 16,800 स्थिर बाजूला गेले. त्यात मंजूर भाराचा आकार मिळवला की 22 हजार होतात.

दोनच दिवसांवर विसंबू नका. पंधरवड्यातल्या तीन-चार जोड्या घेऊन बघा. खोलीमागचा आकडा एकदा 9 आणि एकदा 20 येत असेल, तर कुठेतरी रिकाम्या खोलीत एसी चालू राहतोय, किंवा मोटर दिवसभर पाणी ओढतेय आणि टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय. हिशोब करताना सापडलेली अशी गळती मी बरेचदा पाहिली आहे. जनरेटर असेल तर डिझेलची वही वेगळी ठेवा. ती मीटरमध्ये मिसळू नका.

जीएसटी वजा करून खर्च लिहिणे

जुन्या एक्सेल शीट अजून तशाच चालू आहेत, म्हणून हे सांगावं लागतं. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, पण त्या खोल्यांसाठी इनपुट क्रेडिट मिळत नाही. भाडं, लॉन्ड्री, कमिशन यांच्या बिलातला जीएसटी पूर्वी वळता करून घेता यायचा, आता तो तुमचा खर्च आहे. वरच्या हॉटेलचं भाडं 1 लाख अधिक 18,000 जीएसटी असं आहे. जुनी शीट 1 लाखच धरते. जुलैच्या 93 रात्रींवर वाटलं तर रात्रीमागे 194 रुपये हिशोबाबाहेर राहतात. कमिशनचंही तसंच. 18 टक्के म्हणतात, पण त्यावरच्या जीएसटीसह ते 21.24 टक्के पडतं. 1,500 च्या खोलीवर 319 रुपये. म्हणून कोल्हापूरचा ग्रुप पोर्टलवरून आला असता, तर रात्रीला 1,020 ऐवजी 701 उरले असते. तरीही खोली द्यायलाच हवी होती.

लॉन्ड्री रात्रीवर लावणे

चादरी-टॉवेल पाहुणा बदलला की बदलतात. सेटला 220 पडत असतील आणि पाहुणा सरासरी दोन रात्री राहत असेल, तर 110 बरोबर. एका रात्रीच्या पाहुण्याला पूर्ण 220 लागतात, म्हणजे त्याचा वाढता खर्च 590. आठवडाभर राहणाऱ्याचे मधे एकदा कपडे बदलले तरी रात्रीला 63 च्या आसपास. तेव्हा एका रात्रीचं बुकिंग आणि लांब मुक्काम यांना एकच किमान दर लावू नका.

बाकीच्या, थोडक्यात

भागाकार भरलेल्या रात्रींनी करा, उपलब्ध खोल्यांनी नाही. फुकट दिलेली खोली आणि मालकाच्या पाहुण्याची खोली यांचाही 480 खर्च होतो, तो वेगळ्या नोंदीत ठेवा.

पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी ऑक्टोबरच्या डोक्यावर टाकू नका, बारा महिन्यांत वाटा. खाऱ्या हवेने ती दरवर्षी येणारच आहे.

सीझनची पोरं महिन्याच्या पगारावर असतील तर त्या महिन्यांपुरता तो स्थिर खर्चच. रोजंदारीवर, खोल्या बघून बोलावत असाल तरच तो वाढत्या बाजूला जातो.

जागा स्वतःची आहे म्हणून भाडं शून्य लिहिणारे, आणि स्वतः दिवसभर काउंटरवर बसून पगार न लिहिणारे, यांचा पूर्ण खर्चाचा आकडा कधीच खरा नसतो.

एका महिन्याचे आकडे घेऊन वर्षाचा दर ठरवायची घाई नवीन मालकांना फार असते. निदान एक सीझन आणि एक पावसाळा लिहून काढा. वरच्या हॉटेलचा वर्षाचा स्थिर खर्च, पाच महिने सीझनची पोरं धरून, 37,80,000 होतो. प्रत्येक भरलेल्या रात्रीतून, वाढता खर्च आणि कमिशन वजा जाऊन, सरासरी 1,800 उरत असतील तर तो भागायला 2,100 रात्री लागतात. वर्षाच्या 4,380 पैकी 48 टक्के. जुलैची रात्र 700 ते 1,000 देते, म्हणून उरलेलं डिसेंबर-जानेवारीतूनच यायला हवं, आणि त्या महिन्यांत एजंटला किती खोल्या द्यायच्या हे सप्टेंबरमध्ये, चतुर्थीच्या सुमारास, लिहून ठेवलेलं असायला हवं.