पाळीचं चक्र २८ दिवसांचं नसेल तेव्हा

प्रश्नात ३५ दिवसांचं चक्र देऊन २१व्या दिवशी हार्मोन्स आणि गर्भाशयाचं अस्तर कसं असेल असं विचारलं असेल, तर बीजोत्सर्गाचा दिवस चक्राच्या सुरुवातीपासून मोजू नका, शेवटाकडून मागे मोजा. पीतपिंड साधारण १४ दिवस टिकतो, त्यामुळे बीजोत्सर्गानंतरचा ल्युटिअल टप्पा जवळपास ठरलेला असतो. लांबतो तो आधीचा फॉलिक्युलर टप्पा. म्हणून ३५ वजा १४, म्हणजे बीजोत्सर्ग २१व्या दिवसाच्या आसपास.

इथेच बरेच जण फसतात. २१वा दिवस दिसला की ‘प्रोजेस्टेरॉन सर्वोच्च, एंडोमेट्रियम स्रावी’ असं लिहून मोकळे होतात. ते २८ दिवसांच्या चक्रात बरोबर. इथे मात्र एस्ट्रोजेनचं शिखर आणि एलएचची उसळी नुकतीच होऊन गेलेली असते, प्रोजेस्टेरॉन कमीच असतं आणि अस्तर अजून प्रोलिफरेटिव्ह टप्प्याच्या शेवटी असतं. प्रोजेस्टेरॉनचं शिखर त्यानंतर सुमारे ७ दिवसांनी, २८व्या दिवशी येतं.