नायटायवरून स्टीलच्या तारेवर जाताना: त्या दिवसाची तयारी

उद्या साडेअकराला एक सोळा वर्षांची मुलगी येणार आहे. नऊ महिन्यांपूर्वी तिच्या चार उपदाढा काढून दातांवर तार धरणारे ब्रॅकेट लावले, आणि उद्या तिच्या वरच्या जबड्यात पहिल्यांदा एकोणीस-पंचवीसची, म्हणजे ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची, आयताकृती स्टीलची तार जायची आहे. आमच्याकडे नव्याने काम शिकणाऱ्या डॉक्टरांना या भेटीची तयारी मी आदल्या संध्याकाळीच करायला लावतो. आता तोंडात असलेल्या लवचीक नायटाय तारेचं काम संपलं आहे का, हे नीट न पाहता स्टील घातलं की पुढचे दोन-तीन महिने ती चूक निस्तरण्यात जातात. तीच तयारी इथे लिहितो आहे.

आधी दोन्ही तारा हातात घेऊन पाहा. ०.०१४ इंचाची नायटाय, म्हणजे साधारण ०.३६ मिलिमीटर जाडीची निकेल-टायटॅनियमची तार, बोटाभोवती गुंडाळा आणि सोडा. ती होती तशी सरळ होते. तेवढ्याच जाडीची स्टीलची तार गुंडाळून सोडली तर तिच्यात बोटाचा बाक राहतो. नायटाय वाकडी करून दातांत अडकवली की ती आपला मूळ आकार परत मिळवत राहते आणि दाताला सोबत आणते. तिचा जोर स्टीलच्या मानाने पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच असतो, आणि दात बराच सरकला तरी तो जवळपास तेवढाच टिकतो. स्टीलचा जोर सुरुवातीला खूप असतो, दात थोडा हलला की झपाट्याने उतरतो, आणि जास्त वाकवलं तर तारच कायमची वाकते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास विल्यम ब्युलर यांच्या हाती हा मिश्रधातू आला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवाच्या जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांसाठी वापरात आणला. त्याआधी वेडेवाकडे दात ओळीत आणायला स्टीलच्याच बारीक तारेला वेटोळी घालावी लागत. ते काम नायटायने हलकं केलं. पण ओळीत आलेले दात ताठ धरून ठेवणं तिला जमत नाही, कारण जी तार सहज वाकते ती दातांच्या ओढीनेही वाकते.

म्हणून यादीतली पहिली गोष्ट म्हणजे तोंडातली नायटाय खरोखर शांत झाली आहे का, हे पाहणं. तार काढून टेबलावर ठेवली आणि ती छान कमानीसारखी दिसली, म्हणजे दात झाले, असा समज नवख्यांचा होतो. नायटाय बाहेर काढल्यावर नेहमीच छान दिसते. तिच्यावरून काही कळत नाही. पाहायचं ते तोंडातच. तार ब्रॅकेटला बांधणारी लिगेचर एकेक करून सोडा आणि प्रत्येक ब्रॅकेटकडे लक्ष द्या. ज्या दाताच्या खाचेतून तार टुणकन बाहेर उडी घेते, तो दात अजून जागेवर आलेला नाही. सगळी लिगेचर सुटल्यावरही तार खाचांमध्ये निवांत पडून राहिली, तर ती शांत आहे. ही परीक्षा आयताकृती नायटायवर करायची, गोल तारेवर नाही. गोल तार शांत असली तरी दाताच्या मुळाचा कल चुकलेला असू शकतो, आणि तो आयताकृती तारेतच उघडा पडतो.

माझ्या हातून ही चूक झाली आहे, म्हणून इतकं बजावून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या खालच्या जबड्यात दुसरी उपदाढ किंचित फिरलेली होती. नायटायला अजून एक महिना द्यायला हवा होता, पण त्याची परीक्षा जवळ आली होती आणि पुढची भेट लांबणार होती, म्हणून मी जोर लावून स्टील बसवलं. तीन दिवसांत त्या उपदाढेचा ब्रॅकेट निघाला. तो मुलगा परत येईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि तोवर तार त्या जागी खाली दबून कायमची वाकली होती. पुढची दाढ तिच्यामुळे एका बाजूला कलली. पुन्हा ०.०१६ च्या नायटायपासून सुरुवात करावी लागली.

उद्याच्या मुलीची फाईल मी याच नजरेने पाहतो. तिचा वरचा उजवा सुळा हिरडीत फार वर होता. अशा सुळ्यात पहिल्याच दिवशी नायटाय ओवण्याचा मोह होतो, कारण ती सहज वाकून तिथवर पोहोचते. पण ती सुळ्याला जितकं खाली ओढते तितकंच शेजारच्या दातांना वर ओढते, आणि पुढच्या दातांची ओळ एका बाजूने उचलली जाते. म्हणून आम्ही सुळा सोडून बाकीचे दात आधी नायटायने ओळीत आणले, मग त्यांच्यात ०.०१८ ची गोल स्टीलची तार घातली आणि तिच्यावर ०.०१४ ची नायटाय बांधून फक्त ती सुळ्यात ओवली. दोन्ही धातू एकाच वेळी तोंडात होते: स्टीलने शेजाऱ्यांना धरून ठेवलं, नायटायने सुळा खाली आणला. तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ०.०१४ वरून ०.०१८ वर गेलं की त्याच धातूची तार पावणेतीन पट ताठ होते; त्यात स्टीलचा स्वतःचा ताठपणा मिळवला की ती ओढ शेजाऱ्यांपर्यंत का पोहोचली नाही ते कळतं. साडेतीन महिन्यांत सुळा ओळीत आला. मग पूर्ण ओळीत ०.०१६ ची नायटाय, आणि शेवटी एकोणीस-पंचवीसची आयताकृती नायटाय सहा आठवडे.

स्टील घालण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्यायच्या. एक म्हणजे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढून मुळं समांतर आहेत का ते पाहायचं, आणि एखादा ब्रॅकेट तिरका लागला असेल तर तो आत्ताच काढून नीट चिकटवायचा. दुसरी म्हणजे दुसऱ्या दाढेवर तार ओवायची ट्यूब लावायची राहिली असेल तर तीही आत्ताच लावायची. यातलं काहीही केलं तर त्या भेटीत स्टील विसरायचं आणि एक फेरी पुन्हा नायटायला द्यायची. स्टील गेल्यावर ब्रॅकेट बदलला तर तार काढून मागे फिरावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

निकेलची विचारपूस खरं तर पहिल्याच भेटीत व्हायला हवी, पण फाईलमध्ये नोंद नसेल तर उद्या विचारा. खोटे कानातले घातले की पाळीला खाज सुटते का, पट्ट्याच्या बकलखाली पुरळ येतं का? नायटायमध्ये वजनाने निम्म्याहून थोडं जास्त निकेल असतं. स्टीलमध्येही साधारण आठ टक्के असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्याने फार थोडं बाहेर येतं. खाज येणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्टील चालतं. तरी ओठांच्या आत किंवा हिरडीवर लाली आणि जळजळ दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या आणि निकेल नसलेल्या बीटा-टायटॅनियमच्या तारेचा विचार करा.

आता स्टीलची तार. नायटाय कंपनीच्या आकारात येते आणि तिला वेगळा आकार देता येत नाही. स्टीलला देता येतो, म्हणून तो दिलाच पाहिजे. मुलीचं उपचारापूर्वीचं खालचं मॉडेल टेबलावर घ्या आणि सुळ्यापासून सुळ्यापर्यंतची रुंदी त्यावरून ठरवा. ती रुंदी ओढून वाढवली तर उपचार संपल्यावर परत आत येते. वरची तार खालच्या तारेवर ठेवली की सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजे. काचेच्या पट्टीवर ठेवून पाहा. एक टोक जरी उचललेलं राहिलं तरी त्या बाजूची दाढ फिरेल. मध्यभागी खूण करा आणि बाजूच्या पटाशीच्या दात व सुळ्याच्या मधोमध हूक बसवा. हूक ब्रॅकेटला टेकत नाही ना, हे तोंडात पुन्हा पाहा.

तार बसवताना बोटाचा दाब पुरला पाहिजे. प्लायर लावून दाबावी लागत असेल तर थांबा, जुनी नायटाय परत घाला आणि सहा आठवड्यांनी पाहा. नायटायचं टोक दाढेमागे वळवायचं असेल तर तोंडाबाहेर ज्योतीवर तेवढंच टोक लाल करून मऊ करावं लागतं, नाहीतर ते परत सरळ होऊन गालाला टोचतं. बाकीच्या तारेला आच लागू नये म्हणून टोकाच्या अलीकडे प्लायरने घट्ट धरायचं.

मुलीची आई विचारेल, "डॉक्टर, दात तर सरळ झाले, आता जाड तार कशाला?" उत्तर खरं आणि सोपं द्या: दात ओळीत आलेत, पण काढलेल्या उपदाढांच्या जागा अजून मोकळ्या आहेत. त्या बंद करताना पुढचे दात मागे ओढायचे आहेत. नायटायवर तसं ओढलं तर तार मध्ये खचते, सुळे मोकळ्या जागेत आडवे कलंडतात, पुढे वरचे दात खालच्या दातांना जास्त झाकू लागतात आणि बाजूने उपदाढांचा चावा सुटतो. जागा बंद झालेली दिसते, पण मुळं मागेच राहतात. स्टील ताठ असतं आणि ब्रॅकेटमध्ये घर्षणही नायटायपेक्षा कमी करतं, म्हणून त्या तारेवर दात उभे राहून घसरतात.

तरी उद्याच ओढायला लागू नका. आयताकृती स्टील मुळांवर काम करत असतं, आणि ते थांबेपर्यंत तार खाचेत सरकत नाही. उद्या फक्त साध्या लिगेचरने हूक आणि दाढ जोडून ठेवायचं, म्हणजे जागा उलट उघडत नाही. दाढेच्या ट्यूबमागे तार दोन्ही बाजूंना एक मिलिमीटर ठेवून कापायची. डिस्टल एंड कटर तुकडा धरतो का, ते आधी बाहेर एकदा कापून पाहा. एक मिलिमीटर हा आकडा फाईलमध्ये लिहा. चार आठवड्यांनी दोन्ही बाजूंना साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या ओढीची नायटायची स्प्रिंग लागेल. त्यानंतर महिन्याला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने जागा बंद व्हायला हवी, आणि ट्यूबमागचं टोक तेवढंच लांबायला हवं. टोक होतं तेवढंच राहिलं तर स्प्रिंग बदलून जोर वाढवू नका. आधी तार बाहेर काढून काचेवर ठेवा, वाकलेली जागा शोधा, ट्यूबचं तोंड चेपलं आहे का आणि हूक ब्रॅकेटला अडकला आहे का ते पाहा.