सिद्धांताकडून प्रयोगाकडे: बॅटरी मटेरियल्समधील पोस्टडॉकच्या कव्हर लेटरची तयारी

डीएफटीच्या, म्हणजे पदार्थांचे गुणधर्म संगणकावर काढणाऱ्या, गणनांवर पीएच.डी. केलेल्या उमेदवाराचा अर्ज प्रायोगिक गटाकडे आला, की वाचणाऱ्या प्राध्यापकांना आधी एवढेच जाणून घ्यायचे असते की हा उमेदवार येथे येऊन कोणता प्रयोग करील आणि तो स्वतःच्या हाताने करू लागेपर्यंत किती काळ जाईल. पुण्यातून पाठवल्या जाणाऱ्या बहुतेक पत्रांत या प्रश्नाला उत्तरच नसते. त्यांत प्रबंधाचा गोषवारा असतो आणि शेवटी प्रयोग शिकण्याची इच्छा व्यक्त केलेली असते. म्हणून पत्राचा मजकूर लिहायला घेण्यापूर्वी काही गोष्टी तयार ठेवाव्यात.

पहिली आणि सर्वांत जास्त वेळ मागणारी तयारी म्हणजे प्रबंधातून असा एकच निष्कर्ष निवडणे, जो प्रयोगशाळेत खोटा ठरू शकेल. उदाहरणादाखल सोडियम-आयन बॅटरीचा Na0.67Ni0.33Mn0.67O2 हा कॅथोड घेऊ. त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे सुमारे 173 मिलिअँपिअर-तास आहे. पण चार्जिंगच्या अखेरीस, 4.2 व्होल्टच्या आसपास, बहुतेक सोडियम निघून गेल्यावर त्याचे थर एकमेकांवरून सरकतात, थरांच्या पी2 या मांडणीची ओ2 ही वेगळी मांडणी होते, आकारमान मोठ्या प्रमाणात आक्रसते आणि काही आवर्तनांतच क्षमता घसरू लागते. समजा, उमेदवाराच्या गणनेनुसार निकेलच्या काही जागी मॅग्नेशिअम घातल्यास कमी सोडियम असतानाही पी2 रचना अधिक स्थिर राहते. हा निष्कर्ष पत्रासाठी योग्य आहे, कारण त्याची परीक्षा एका पदार्थाच्या दोन नमुन्यांवर आणि मोजक्या परिचित उपकरणांवर घेता येते. सोडियमच्या स्थलांतराचा एनईबी या गणनापद्धतीने काढलेला ऊर्जा-अडथळा मात्र मध्यवर्ती मुद्दा म्हणून न घेतलेला बरा. प्रयोगात मोजला जाणारा विसरण-गुणांक कणांच्या आकारावर आणि सोडियमच्या प्रमाणावरही अवलंबून असतो, त्यामुळे दोन आकडे जुळले काय किंवा न जुळले काय, त्यातून फारसे सिद्ध होत नाही.

यानंतर त्या निष्कर्षाची परीक्षा कशी घेणार, याचे टिपण स्वतःसाठी सविस्तर लिहून काढावे. पत्रात त्यातली चार-पाच वाक्येच जातील. Na0.67Ni0.28Mg0.05Mn0.67O2 हा नमुना आणि मूळ नमुना एकाच पद्धतीने भट्टीत तयार करायचे, 900 अंशांच्या आसपास सोडियम काही प्रमाणात उडून जाते म्हणून सोडियम कार्बोनेट थोडे जास्त घ्यायचे, एक्स-रे डिफ्रॅक्शनने पी2 रचना तपासायची आणि मग दोन्ही नमुन्यांचे कॉइन सेल बांधून ते मंद गतीने 4.5 व्होल्टपर्यंत चार्ज करायचे, इथपर्यंत बहुतेक जण येतात. मॅग्नेशिअमच्या नमुन्यात 4.2 व्होल्टचा सपाट टप्पा गुळगुळीत झालेला दिसला, की गणना खरी ठरली, असे ते पुढे लिहितात. अनुभवी वाचक नेमका येथेच थांबतो.

कारण मॅग्नेशिअम इलेक्ट्रॉन देत नाही. या पदार्थात निकेलचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो असे धरले, तर मूळ नमुन्यातून जवळजवळ सर्व सोडियम निघू शकते, पण 0.28 निकेल असलेल्या नमुन्यातून 0.56 एवढेच निघते आणि सुमारे 0.11 सोडियम थरांमध्येच राहते. क्षमताही 148 च्या आसपास येते. म्हणजे रचना बदलली नाही याचे श्रेय मॅग्नेशिअमने थर घट्ट धरून ठेवण्याला द्यायचे, की पुरेसे सोडियम निघालेच नाही याला, हे समान व्होल्टेजवर केलेल्या तुलनेतून कळतच नाही. तुलना समान उरलेल्या सोडियमवर करायला हवी: मूळ नमुन्याचे चार्जिंगही साधारण 145 मिलिअँपिअर-तासांवर थांबवायचे, दोन्ही इलेक्ट्रोड सेलमधून काढून त्यांचे डिफ्रॅक्शन घ्यायचे आणि उरलेले सोडियम आयसीपी या मूलद्रव्य-विश्लेषणाच्या तंत्राने मोजायचे, कारण इतक्या व्होल्टेजवर इलेक्ट्रोलाइटही थोडा विघटित होतो आणि मोजलेला सर्व विद्युतभार सोडियमच्या खात्यावर टाकता येत नाही. ही अडचण सैद्धांतिक पार्श्वभूमीच्या उमेदवाराला इतरांपेक्षा आधी दिसायला हवी, आणि पत्रात ती दिसली, तर गटाला त्याच्या गणनेचा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पत्र इंग्रजीतच जाईल. त्यातील मधल्या परिच्छेदाचा आशय साधारण असा असावा: ‘मॅग्नेशिअममुळे पी2 रचना टिकते, असे माझ्या गणनेतून दिसते. ही गणना शून्य तापमानाची आणि निर्दोष स्फटिकाची असल्याने तिच्यातून कल कळतो, प्रत्यक्ष व्होल्टेज नाही. समान सोडियमवर दोन्ही नमुन्यांची तुलना करून हा कल तपासण्याचा माझा विचार आहे. तेवढ्याच सोडियमवर दोन्ही नमुन्यांत ओ2 सारख्याच प्रमाणात आढळले, तर माझा निष्कर्ष चुकीचा ठरेल.’ शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह टाळावा. माझ्या मते संपूर्ण पत्रात तेच सर्वांत वजनदार आहे.

तिसरी तयारी मोजमापातील अनिश्चिततेची आहे. 12 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने सक्रिय पदार्थ जेमतेम सव्वादोन मिलिग्रॅम बसतो, आणि त्याखालील ॲल्युमिनिअम फॉइलचेच वजन त्याच्या दुपटीहून अधिक असते. लेपात सक्रिय पदार्थ 80 टक्के धरला, तर एका चकतीच्या फॉइलचे वजन दुसरीपेक्षा 0.1 मिलिग्रॅमने वेगळे निघाले, तरी क्षमतेच्या आकड्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 150 वर सुमारे पाच एककांचा फरक पडतो. वरील दोन नमुन्यांमध्ये अपेक्षित फरक पंचवीसचा असल्याने तो ओळखता येईल, मात्र त्यासाठी प्रत्येक नमुन्याचे किमान तीन सेल हवेत, एवढे एक वाक्य पत्रात असावे. दशांशाच्या पुढे अनेक अंक देणाऱ्या गणनांची सवय असलेल्या माणसाने हा हिशेब मांडला, म्हणजे त्याने तराजूचा विचार केला आहे हे वाचणाऱ्याला कळते.

कौशल्यांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: स्वतः केलेले, दुसऱ्यांना करताना पाहिलेले आणि अजून शिकायचे असलेले. ‘ग्लोव्हबॉक्सची ओळख आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘मार्गदर्शनाखाली स्लरी तयार करून फॉइलवर पसरवली, कॉइन सेल बांधले, पदार्थाचे संश्लेषण अद्याप केलेले नाही’ हे वाक्य छोटे असले, तरी वाचणाऱ्याला प्रशिक्षणाचा अंदाज देते. पहिल्या प्रकारात लिहिण्यासारखे काहीच नसेल, तर अर्जापूर्वी ती उणीव भरून काढता येते. पाषाण परिसरात एनसीएल, आयसर आणि सी-मेट एकमेकांपासून फार दूर नाहीत. आपल्या मार्गदर्शकांमार्फत ओळखीच्या प्रायोगिक गटाकडे थोड्या दिवसांसाठी सेल बांधायला शिकण्याची रीतसर परवानगी मागावी. तेही जमले नाही, तर डिफ्रॅक्शनच्या विदेवरून रचना काढण्याचे रिटव्हेल्ड परिष्करण घरी बसून शिकता येते: GSAS-II मोफत उपलब्ध आहे आणि त्यासोबत सरावाची मोजलेली विदाही मिळते.

उरलेल्या बाबी थोडक्यात. पत्र दीड पानाच्या आत असावे. गटाच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातील एखादी विशिष्ट आकृती घेऊन तिच्याशी आपला प्रश्न कसा जोडला जातो, ते सांगावे. कोड, क्लस्टर आणि फंक्शनल यांची यादी सीव्हीत ठेवावी. शिफारस देणाऱ्यांपैकी एक व्यक्ती शक्यतो अशी असावी, जिने उमेदवाराला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे, आणि तिला पत्राचा मसुदा आधीच पाठवावा, म्हणजे उमेदवाराने ‘स्वतः केलेले’ म्हणून जे लिहिले आहे, तेच तिच्याही पत्रात येईल.